पोट पुढे आलंय, म्हणजे मुलगाच?

वाचकाचं पत्र

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. वय २७. दुसऱ्यांदा दिवस गेलेत, २९ वा आठवडा चालू आहे. पहिली मुलगी चार वर्षांची आहे. तिच्या वेळी पोट गोल आणि वर होतं, उलट्यांनी मी हैराण झाले होते. या वेळी पोट पुढे आणि खाली आलंय, जरा लहानच दिसतं, उलट्या जवळजवळ नाहीत. सासूबाई, जाऊबाई, शेजारच्या काकू, सगळ्या म्हणतात मुलगाच. मला पाटीवरच्या पेन्सिली खाव्याशा वाटतात, दिवसाला तीन-चार होतात. तेही म्हणे मुलाचेच डोहाळे. गेल्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.२ आलं, पण लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून मी त्या सोडल्या. सोनोग्राफी करताना डॉक्टर हसले, त्यावरून नवराही खूश आहे. पुढच्या आठवड्यात डोहाळजेवण आहे. मुलगी झाली तर काय, या विचाराने झोप लागत नाही. या खुणा कितपत खऱ्या असतात?

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

या खुणा खऱ्याच आहेत, फक्त त्या मुलगा-मुलगी सांगत नाहीत. तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींकडे मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून पाहते तेव्हा मला काळजी वाटते, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टींवर घरात आनंद चाललाय. त्यांच्याकडे मी येतेच. पण आधी पोटाच्या आकाराचं बघू, कारण सगळ्यांचा भरवसा त्याच्यावर आहे.

पहिल्या खेपेला पोटाचे स्नायू घट्ट असतात. गर्भाशय वाढतं तसं ते त्याला आत, वर धरून ठेवतात, म्हणून पोट गोल आणि उंचावर दिसतं. एका बाळंतपणात हे स्नायू ताणले जातात, पोटाच्या मधोमध असलेली त्यांची जोड थोडी विरळ होते आणि ती पूर्ववत होईलच असं नाही. दुसऱ्या खेपेला तेच गर्भाशय त्याच आठवड्यात पुढे झुकतं, खाली उतरल्यासारखं दिसतं. आता आपल्याकडचा ठोकताळा आठवा: पुढे आणि खाली असेल तर मुलगा, गोल आणि पसरट असेल तर मुलगी. म्हणजे पहिली मुलगी असलेल्या बाईचं दुसऱ्या वेळचं पोट बहुतेक वेळा ‘मुलाचं’च दिसणार. ज्या घरात मुलाची वाट सगळ्यात जास्त पाहिली जाते, तिथेच ही खूण आशा दाखवते आणि तिथेच ती निम्म्या वेळा तोंडघशी पाडते.

यात आणखी पुष्कळ गोष्टी भर घालतात. उंच बाईच्या धडात बाळाला वरच्या बाजूला जागा मिळते, बुटक्या बाईचं पोट पुढेच यायचं. बाळ आडवं असेल तर पोट रुंद दिसतं, बाळाची पाठ पुढे असेल तर टोक आल्यासारखं दिसतं, आणि दोन दिवसांनी बाळ वळलं की आकार बदलतो. गर्भजल किती आहे, वार कुठे आहे, लघवीची पिशवी भरलेली आहे का, यानेही फरक पडतो. बाळाच्या लिंगाचा संबंध यातल्या कशाशीच नाही. १९९९ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं होतं. बाळाचं लिंग माहीत नसलेल्या १०४ गरोदर बायकांच्या पोटाचा आकार आणि इतर खुणा त्यांनी नोंदवल्या आणि बाळंतपणानंतर ताडून पाहिल्या. आकारावरून काहीच ओळखता आलं नाही. तिथेही पुढे आलेलं पोट मुलाचंच मानतात, हे वाचून मला गंमत वाटली होती.

मग काकूंचे अंदाज बरोबर कसे येतात? निसर्गात दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. जी बाई प्रत्येक वेळी डोळे मिटून ‘मुलगा’ म्हणेल, तिचा अंदाज निम्म्याहून किंचित जास्त वेळा खरा ठरणार. खरा ठरला की बारशाला त्याची आठवण निघते, चुकला की तो काढायचा शिष्टाचार आपल्यात नाही.

उलट्यांची गोष्ट जरा वेगळी आहे, आणि इथे जुन्या बायकांना थोडं श्रेय द्यायला हवं. स्वीडनमध्ये दहा लाखांवर बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पहिल्या तीन महिन्यांत उलट्यांमुळे ज्या बायकांना रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं, त्यांच्या १०० बाळांमागे सुमारे ५६ मुली होत्या. एरवी ही संख्या ४९ च्या आसपास असते. म्हणजे संबंध आहे, पण तो फक्त अतितीव्र उलट्यांशी, आणि तिथेही ‘मुलगी’ म्हणणारा १०० पैकी ४४ वेळा चुकेल. तुमच्या या वेळच्या न झालेल्या उलट्यांवरून काहीच काढता येत नाही. एकाच बाईच्या दोन खेपा उलट्यांच्या बाबतीत अगदी वेगळ्या असू शकतात.

आता पेन्सिली. आंबट, गोड, तिखट खावंसं वाटणं मी डोहाळ्यांत धरते आणि त्यावरून कुणी काही भाकीत केलं तर सोडून देते. माती, खडू, पेन्सिल, भिंतीचा पोपडा, कच्चे तांदूळ, बर्फ असं काही खावंसं वाटणं मात्र मी डोहाळा मानत नाही. शरीरात लोह कमी पडलं की अशी ओढ लागते. नेमकी का लागते याचा पुरता उलगडा झालेला नसला, तरी दोन्हींची संगत इतकी पक्की आहे की एखादी बाई पेन्सिल खाते म्हणाली की आम्ही आधी तिच्या पापणीचा आतला भाग पाहतो आणि रक्त तपासायला सांगतो. या ओढीला मुलाशी जोडण्याची चाल मात्र फार जुनी आहे. कालिदासाच्या रघुवंशात सुदक्षिणा राणी गरोदरपणी माती खाते, आणि कवी त्याचा अर्थ असा लावतो की होणारा पुत्र पृथ्वीचा उपभोग घेणार. कवीने लावला ते ठीक. तुमच्या कार्डावर मात्र ९.२ हा आकडा आहे.

गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं, त्यामुळे हिमोग्लोबिन थोडं उतरणं ठरलेलंच असतं. म्हणूनच मर्यादा १२ ऐवजी ११ धरतात. ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ७ ते ९.९ म्हणजे मध्यम रक्तक्षय, ७ च्या खाली तीव्र. तुम्ही मध्यम गटात आहात, आणि हा महिन्यापूर्वीचा आकडा आहे, त्यानंतर गोळ्या बंद आहेत. पेन्सिलीतली माती आतड्यातलं लोह धरून ठेवते, ते रक्तात जाऊ देत नाही. म्हणजे रक्त कमी म्हणून पेन्सिल, आणि पेन्सिल खाल्ली म्हणून रक्त आणखी कमी, असा फेरा पडतो. वर बद्धकोष्ठ होतं ते वेगळंच. बाळंतपणात थोडाफार रक्तस्राव प्रत्येकीला होतो. हिमोग्लोबिन १२ असलेली बाई तो सहज सोसते, ८ असलेलीला तेवढ्यानेच चक्कर येते, कधी रक्त चढवावं लागतं.

गोळ्यांनी मळमळतं ही तुमची तक्रार खरी आहे, ती मनाचा खेळ नाही. शासकीय दवाखान्यातल्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. उपाशीपोटी घेतली तर ती जास्त लागू पडते पण जास्त मळमळवते. म्हणून सध्या रात्री जेवून तासाभराने, झोपायच्या आधी घ्या. थोडं कमी शोषलं जाईल, पण पोटात गेलेली गोळी डबीत राहिलेल्या गोळीपेक्षा केव्हाही बरी. सोबत लिंबूपाणी चालेल. चहा किंवा दूध गोळीच्या आधी-नंतर तासभर नको, आणि कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने, म्हणजे ती दुपारी घ्या. शी काळी होते, त्याला घाबरू नका. तुमच्या आकड्याला दिवसाला दोन गोळ्या लागतात, पण दुसरी केव्हा सुरू करायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. एक पचू लागली की ते दुसरी वाढवतील. जंताची गोळी घेतली होती का, तेही त्यांना सांगा.

याची परीक्षा सोपी आहे. नियमित गोळ्या घेतल्या तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण १ ने वाढायला हवं, म्हणजे आज तो ९.२ च असेल तर ३३ व्या आठवड्यात १०.२ च्या आसपास. पेन्सिलीची ओढ त्याच्याही आधी कमी होते, बऱ्याच जणींना पंधरवड्यातच फरक जाणवतो. आकडा हलला नाही, किंवा गोळी कशीच पचत नसेल, तर वाट पाहू नका. शिरेतून लोह देता येतं. ते दवाखान्यात देतात आणि गोळ्यांपेक्षा लवकर भरून काढतं. ३४ व्या आठवड्यानंतर वेळ कमी उरतो, म्हणून हा हिशोब आताच मांडायचा. तोवर ओढ लागली की भाजलेले चणे किंवा फुटाणे चावायला घ्या. कुरकुरीतपणाची भूक त्याने थोडी भागते. पेन्सिलीचं पाकीट मात्र घरात ठेवू नका.

दुसरी काळजीची गोष्ट म्हणजे पोट लहान दिसणं. ‘मुलाचं पोट लहानच असतं’ हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण त्याने पुढचा प्रश्न विचारायचाच राहून जातो. तुमच्या बाबतीत ते नुसतं दिसण्यापुरतं असू शकतं. दुसऱ्या खेपेचं पोट पुढे झुकल्यामुळे वरचा भाग रिकामा वाटतो. पण ते डोळ्यांनी ठरत नाही, टेपने ठरतं. लघवी करून आल्यावर, उताणं झोपवून, ओटीपोटाच्या खालच्या हाडाच्या वरच्या कडेपासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत मोजतात. २४ व्या आठवड्यानंतर जितके आठवडे तितके सेंटिमीटर, दोन-तीन इकडेतिकडे. तुमचं माप २७ ते ३१ च्या दरम्यान असेल तर ठीक. २६ च्या खाली आलं, किंवा दोन आठवड्यांनी पुन्हा मोजल्यावर दोन सेंटिमीटरची वाढ दिसली नाही, तर बाळाच्या वाढीची सोनोग्राफी करायला हवी. त्यात बाळाचं अंदाजे वजन, गर्भजल आणि नाळेतला रक्तप्रवाह पाहतात.

माप कमी येण्याचं कारण अगदी निरुपद्रवीही असू शकतं. पाळीची तारीख चुकीची सांगितलेली असते, म्हणून पहिल्या सोनोग्राफीवरून आठवडे ताडून घ्या. आई-वडीलच लहानखुरे असतात. पण रक्तक्षयात बाळाचं वजन कमी भरण्याची शक्यता वाढते, रक्तदाब वाढला असेल तर त्यानेही वाढ खुंटते. म्हणजे पेन्सिल आणि लहान पोट, ज्या दोन गोष्टी घरात मुलाच्या बाजूने मोजल्या जाताहेत, त्या दोन्ही एकाच मुळाच्या असू शकतात. असतीलच असं मी पत्रावरून सांगू शकत नाही, पण ते न तपासता पुढचा महिना जाऊ देऊ नका.

प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला शासकीय रुग्णालयांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली. आशाताईंना विचारलं तर जवळचं ठिकाण सांगतील. ९ तारीख लांब असेल तर तोवर थांबू नका, या आठवड्यातच जा. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या आणि चार आकडे तुमच्यासमोर लिहून घ्या: वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, गर्भाशयाची उंची. बाळाच्या हालचालींकडे लक्ष ठेवा. त्या नेहमीपेक्षा कमी वाटल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी. आणि चेहरा सुजला, डोकं सतत दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ‘मुलगी आईचं रूप घेते’ वगैरे ऐकत बसू नका. ती रक्तदाबाची लक्षणं असतात.

डॉक्टरांच्या हसण्याबद्दल. आपल्याकडे गर्भाचं लिंग शब्दाने, खुणेने किंवा आणखी कोणत्याही प्रकारे सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच यावर आपला कायदा केला होता. तुमच्या डॉक्टरांना बाळ जांभई देताना दिसलं असेल. सोनोग्राफी करताना बाळं अशा बऱ्याच गमती करतात.

तुमच्या नवऱ्याला एक गोष्ट शांतपणे सांगायला हवी, आणि ती तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितली तर जास्त पटेल, म्हणून त्यांना तपासणीला सोबत घेऊन जा. बाईच्या बीजात एक्स गुणसूत्रच असतं. पुरुषाच्या शुक्राणूत एक्स किंवा वाय यापैकी एक असतं, आणि त्यातला कोणता पोहोचला यावर गर्भ राहतो त्याच क्षणी लिंग ठरतं. पहिली मुलगी आहे म्हणून दुसऱ्या वेळची शक्यता बदलत नाही, ती जवळपास निम्मी-निम्मीच राहते. तुमचं बाळ जे आहे ते सहा महिन्यांपूर्वीच ठरलं आहे, आता त्यात कुणी काही करू शकत नाही.

हे पत्र वाचणाऱ्या, नुकतेच दिवस गेलेल्या इतर मैत्रिणींसाठी इथेच एक सांगते. दीड-दोन महिन्यांच्या सुमारास गायीच्या दुधातून ‘मुलगा होण्याची’ पुडी देणारे लोक आजही आहेत. लिंग तोवर ठरून गेलेलं असतं, त्यामुळे पुडीने ते बदलत नाही. पण नेमक्या त्याच आठवड्यांत बाळाचे अवयव घडत असतात. अशा औषधांच्या नमुन्यांत संप्रेरकं सापडली आहेत, आणि हरियाणातल्या अभ्यासांत ती घेणाऱ्या बायकांमध्ये जन्मजात व्यंगं आणि मृतजन्म जास्त आढळले आहेत. कुणी दिली तर घेऊ नका. घेतली असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा, म्हणजे सोनोग्राफीत काय पाहायचं ते त्यांना कळेल.

राहिलं डोहाळजेवण. ते करू नका असं मी म्हणणार नाही. पाळणा, ओटी, फुलांची वाडी, हे तुमच्या कौतुकाचं आहे आणि दुसऱ्या खेपेला एवढं कौतुक सगळ्याच घरांत होत नाही. वाट्यांखाली पेढा आणि बर्फी ठेवायचा खेळ मात्र तुमच्या घरात सध्या नुसता खेळ राहिलेला नाही. जाऊबाईंना आधीच बाजूला घेऊन सांगा की दोन्ही वाट्यांखाली दोन्ही ठेवा. सासूबाईंशी वाद घालू नका. ‘आई, डॉक्टर म्हणाले रक्त कमी आहे, पोटाचं माप घ्यायचंय, तुम्ही याल का सोबत?’ असं म्हणा. नातवंडाची काळजी त्यांना आहेच, तिला योग्य कामाला लावा. पेन्सिलीचं पाकीट पहिल्यांदा त्याच फेकून देतील असा माझा अंदाज आहे.

‘मुलगी झाली तर’ या धास्तीचं मूळ माझ्या मते तुमच्या मनात नाही, रोज कानावर पडणाऱ्या बोलण्यात आहे. सगळ्यांशी एकदम लढायची ताकद आत्ता नसेल, तर एकाच माणसाशी बोला, नवऱ्याशी, आणि एकच प्रश्न विचारा: मुलगी झाली तर दवाखान्यात तुम्ही सगळ्यांसमोर काय म्हणणार? उत्तर त्यांना आत्ताच ठरवू द्या. ते उत्तर तुम्हाला घाबरवणारं असेल, मारहाणीची किंवा घराबाहेर काढण्याची भाषा असेल, तर बाळंतपणाला माहेरी जायचं आतापासून ठरवा. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तो जवळ ठेवा.

आणि चार वर्षांच्या मुलीला कुणी ‘तुला भाऊ येणार’ म्हणालं की तिथल्या तिथे, हसत, ‘बाळ येणार’ असं दुरुस्त करा. काकूंसमोरसुद्धा. ती सगळं ऐकत असते.